उपाशीपोटीची साखर आणि रात्रीचं इंजेक्शन

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी धायरीला राहते, पहिलं बाळंतपण आहे, ३०वा आठवडा चालू आहे. २६व्या आठवड्यात साखर निघाली. मी बारीक आहे, आमच्याकडे कोणालाच डायबेटिस नाही, तरी हे कसं झालं कळत नाही. तीन आठवडे डाएट अगदी काटेकोर पाळतेय. साखर, बटाटा, भात बंद केला. रात्री सातला अर्धी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, बास. घरी मशीनवर रोज चार वेळा तपासते. गेल्या आठवड्यात उपाशीपोटी १०१, ९८, १०४, ९९, १०७, ९६, १०२ आली. जेवणानंतर एका तासाने ११० ते १३४, फक्त एकदा नाश्त्यानंतर १७१. आता मॅडम म्हणतात, रात्री झोपताना ६ युनिट इन्सुलिन घ्या. मला सुईची लहानपणापासून भीती आहे, रक्त काढतानासुद्धा घेरी येते. पोटात इंजेक्शन दिलं तर बाळाला लागणार नाही ना? सासूबाई म्हणतात, इन्सुलिन एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही. अजून थोडं कमी खाऊन बघू का? की गोळी चालेल?

उत्तर : अजून कमी खाऊ नका. उलट रात्रीचं जेवण आजपासूनच वाढवा. आणि इन्सुलिनबद्दल तुमच्या मॅडमचं म्हणणं मला पटतं. ते का, हे तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतच दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गरोदरपणात उपाशीपोटीची साखर ९५च्या आत आणि जेवणानंतर एका तासाने १४०च्या आत असावी. दोन तासांनी तपासत असाल तर १२०च्या आत. तुमच्या जेवणानंतरच्या २१ नोंदींपैकी एकच रेषेबाहेर आहे, पण सकाळच्या सातही नोंदी ९५च्या वर आहेत. म्हणजे ताटात काय वाढून घ्यायचं हे तुम्हाला उत्तम जमलं आहे. अडचण आहे ती रात्रीच्या आठ-दहा तासांची, जेव्हा तुम्ही काहीच खात नाही.

आधी त्या १७१बद्दल. त्याच दिवशीच्या बाकीच्या नोंदी नेहमीसारख्या असतील, तर मला बोटावर संशय आहे. नाश्त्याबरोबर एखादं फळ सोललं असेल, किंवा कोणाच्या चहात साखर घालून दिली असेल आणि हात न धुता बोट टोचलं असेल, तर बोटावरचा गोडाचा अंश रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मशीन तीस-चाळीसने सहज जास्त दाखवतं. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून तो अंश पूर्ण जाईल याची खात्री नाही. साध्या पाण्याने आणि साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं. तिथे दुखतं कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा झटकायचा. बोट जोरात पिळलं तर रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. एक तास मोजायचा तो पहिला घास घेतल्यापासून. पान संपल्यापासून मोजलात तर साखर खाली यायला लागल्यावर तुम्ही ती तपासत असता. पुण्याच्या पावसाळी हवेत आणखी एक गोष्ट सांभाळा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पट्टी काढल्या काढल्या घट्ट लावायचं, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

विचित्र आकडा आला की हात धुऊन लगेच पुन्हा तपासा आणि दोन्ही नोंदी वहीत ठेवा. चांगलं मशीनसुद्धा १००च्या खाली १५ अंकांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतं, त्यामुळे एकट्या ९६ला किंवा ९८ला मी फार महत्त्व देणार नाही. मात्र सलग सात सकाळी सगळे आकडे एकाच बाजूला पडत असतील आणि त्यांची सरासरी १०१ येत असेल, तर दोष मशीनवर ढकलता येत नाही. अगदीच शंका असेल तर एका सकाळी लॅबमध्ये रक्त द्या आणि त्याच मिनिटाला आपल्या मशीनवरही तपासा.

आता रात्री काय होतं ते बघा. आपण झोपेत असताना मेंदूला आणि बाळाला साखर लागतेच, ती लिव्हर पुरवतं. किती सोडायची यावर एरवी इन्सुलिनचा लगाम असतो. गरोदरपणात वार जी हार्मोन्स तयार करते, ती इन्सुलिनचा असर कमी करतात. हे मुद्दाम बाळाच्या सोयीसाठीच असतं, आणि बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ही वाढलेली गरज भागवतं. ज्यांचं पुरं पडत नाही, त्यांच्यात लिव्हर पहाटे गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहतं. वार वाढते तसा हा विरोधही वाढतो, साधारण ३४-३६ आठवड्यांपर्यंत. म्हणून २७व्या आठवड्यात जे डाएट पुरलं, ते ३०व्यात पुरत नाही. यात तुमचा निग्रह कुठेही कमी पडलेला नाही.

तुम्ही सातला अर्धी भाकरी खाता आणि सकाळी उठून तपासता, म्हणजे अकरा-बारा तासांचा उपास. एवढ्या कमी जेवणावर एवढा लांब उपास पडला की लिव्हरला आणखी साखर सोडावी लागते, शिवाय शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं, आणि गरोदरपणात ते नको असतात. इन्सुलिन सुरू होईपर्यंतच्या चार-पाच रात्री असं करून बघा. साडेआठच्या सुमाराला नीट जेवा, म्हणजे एक-दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, दही. मग साडेदहाला कपभर बिनसाखरेचं दूध आणि मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे. काही जणींची सकाळची साखर यानेच पाच-सात अंकांनी उतरते, काहींची अजिबात नाही. तुमची रोज ९५च्या आत आली, तर मॅडमना फोन करून सांगा, कदाचित इंजेक्शन पुढे ढकलता येईल. पण १०१च्या सरासरीवरून ९५च्या आत येणं आणि पुढचे दहा आठवडे तिथेच टिकणं अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवते. दुपारच्या जेवणात मात्र भात अगदी बंद करायचं काही कारण नाही. लहान वाटीभर भात वरण-भाजीबरोबर खा आणि तासाने तपासा. १४०च्या आत असेल तर तो तुम्हाला चालतो.

"सहा-सात अंकच तर जास्त आहेत, त्यासाठी इंजेक्शन कशाला?" असा प्रश्न तुमच्या मनात असणार. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जवळजवळ जात नाही. आलेली जादा साखर निस्तरायला बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, आणि त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर, मुख्यतः पोटावर आणि खांद्यांवर, चरबी चढते. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचं वाढलेलं इन्सुलिन लगेच कमी होत नाही. म्हणून अशा बाळांची साखर पहिल्या काही तासांत घसरते आणि त्यांना कधी कधी नवजात कक्षात ठेवावं लागतं. रात्रभराची साखर म्हणजे दिवसातले आठ-दहा तास. ती रोज थोडी जास्त राहिली तर एखाद्या दिवशीच्या श्रीखंडापेक्षा बाळावर तिचा परिणाम जास्त होतो.

बारीक असूनही साखर कशी निघाली, याचा धागा आपल्या पुण्यातच सापडतो. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९०च्या दशकात सुरू केला, तो पुढे अनेक वर्षं चालला. तिथली बाळं वजनाने सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, युरोपातल्या बाळांपेक्षा बरीच लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आपल्याकडे काटा कमी दाखवतो म्हणून शरीर साखर नीट हाताळतंय असं समजता येत नाही, आईचंही नाही आणि बाळाचंही नाही. सोनोग्राफीत बाळाचं वजन 'नॉर्मल' असलं तरी मी पोटाच्या घेराचा आकडा वेगळा बघते. तो वयाच्या मानाने पुढे पळत असेल तर इन्सुलिनसाठी थांबणं मला पटत नाही. तुमच्या पुढच्या सोनोग्राफीत हे आवर्जून विचारा.

गोळी, म्हणजे मेटफॉर्मिन, गरोदरपणात वापरली जाते आणि काही जणींना ती द्यावीही लागते. पण ती वारेतून बाळापर्यंत पोचते, इन्सुलिन पोचत नाही. शिवाय मेटफॉर्मिन घेणाऱ्या बऱ्याच जणींना शेवटी इन्सुलिन जोडावंच लागतं. ज्या बाईला खरोखरच इंजेक्शन शक्य नाही, तिच्यासाठी गोळी हा रास्त मार्ग आहे. तुम्हाला ते शक्य आहे असं मला वाटतं, कारण तुम्ही तीन आठवडे रोज चार वेळा स्वतःचं बोट टोचत आहात. बोटाच्या टोकाला पोटापेक्षा खूप जास्त संवेदना असते. पेनची सुई पहिल्यांदा टोचल्यावर "झालंसुद्धा?" असं विचारणाऱ्या बायका मी नेहमी बघते.

ती सुई ४ मिलिमीटरची असते, केसासारखी बारीक. रक्त काढायची सुई शिरेत जाते, ही फक्त कातडीच्या खालच्या चरबीत. तिच्या खाली चरबीचा उरलेला थर, पोटाचे स्नायू, गर्भाशयाची जाड भिंत आणि पाणी आहे, त्या सगळ्याच्या पलीकडे बाळ. ती तिथवर पोचूच शकत नाही. तरी मन तयार नसेल तर पोट सोडा आणि मांडीच्या वरच्या भागात बाहेरच्या बाजूला घ्या, रात्रीच्या इन्सुलिनला ती जागा चांगली आहे. पोटावर घेणार असाल तर बेंबीपासून चार बोटं लांब, कुशीकडे घ्या, आणि रोज जागा दोन बोटं सरकवा. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

रात्रीचं इन्सुलिन बहुधा दुधाळ दिसणारं असेल. पेन दोन्ही तळव्यांमध्ये दहा वेळा हलकेच फिरवा, मग दहा वेळा सावकाश उलटंपालटं करा, सगळीकडे सारखं दुधाळ दिसेपर्यंत. नवी सुई लावा, २ युनिट हवेत सोडून टोकावर थेंब दिसतो का बघा, मग ६वर फिरवा. सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि मनात दहापर्यंत मोजून मगच बाहेर काढा. घाईने काढली तर औषध बाहेर गळतं आणि सकाळी आकडा का उतरला नाही हे कळत नाही. वेळ रात्री दहाच्या सुमाराची ठेवा. या इन्सुलिनचा जोर टोचल्यापासून साधारण चार तासांनंतर वाढतो, म्हणजे बरोबर पहाटे. जेवणाआधी सातलाच घेतलं तर जोर मध्यरात्री येतो, तेव्हा साखर खाली जाऊ शकते आणि सकाळी पुन्हा वरच दिसते.

तुम्हाला पेन दिलं असेल तर पुढचा धोका येत नाही, पण सिरिंज आणि बाटली दिली असेल तर हे नीट वाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची ४०ची सिरिंज लागते. १०० युनिटची बाटली आणि नारिंगी टोपणाची १००ची सिरिंजही बाजारात मिळते. १००ची बाटली आणि ४०ची सिरिंज अशी जोडी जमली, तर ६च्या खुणेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात १५ युनिट होतं. औषधवाल्याकडून घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून बघा. पेनमधलं कार्ट्रिज १००चं असतं. त्यातून सिरिंजने औषध कधीही ओढू नका.

घेरीबद्दल. तुमची भीती नुसती मनाची नाही. रक्त किंवा सुई बघितल्यावर काही जणांचा रक्तदाब खरोखर एकदम उतरतो, म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला उपाय आहे. पलंगावर डाव्या कुशीला उशी घेऊन टेकून बसा, दोन्ही हातांच्या मुठी आणि मांड्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरा, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग सैल सोडा. असं चार-पाच वेळा करा. त्यानंतर जिथे टोचायचं आहे तो भाग सैल ठेवून टोचा. पोट आवळायचं नाही. पहिलं इंजेक्शन घरी एकटीने घेऊ नका. मॅडमच्या क्लिनिकमधल्या सिस्टरसमोर, स्वतःच्या हाताने घ्या. पहिले काही दिवस यजमानांनी दिलं तरी काही बिघडत नाही, मात्र त्यांनाही सिस्टरकडून शिकवून घ्या.

६ युनिट ही सुरुवात आहे. सकाळची साखर बघून दर दोन-तीन दिवसांनी मॅडम ती बहुधा दोन-दोनने वाढवतील. ६चं १०, १०चं १६ होईल, कदाचित त्याहून जास्त. वार वाढतेय म्हणून गरज वाढतेय, त्याचा अर्थ आजार बळावला असा लावू नका. साखर ७०च्या खाली गेली, किंवा हात थरथरले, दरदरून घाम आला, तर चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली की काहीतरी खा. उशाशी साखरेची डबी आणि मशीन ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, शेवटच्या महिन्यात काही कारण नसताना साखर वारंवार खाली जायला लागली आणि इन्सुलिन अचानक फार कमी पुरायला लागलं, तर त्याच दिवशी मॅडमना कळवा. वार नीट काम करतेय का ते बघावं लागतं. बाळाची हालचाल कमी वाटली तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. वापरातलं पेन घरात सावलीत साधारण महिनाभर टिकतं, पण स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिलं तर वाया जातं. वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आपल्याकडे 'स्वच्छ'च्या ताई ओला-सुका कचरा हाताने वेगळा करतात. घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया साठवा आणि तपासणीला जाल तेव्हा दवाखान्यात द्या.

सासूबाईंनी जे पाहिलं असेल ते बहुधा बरीच वर्षं मधुमेह असलेल्या कोणाचं असेल. त्यांच्यात स्वादुपिंडच थकलेलं असतं, म्हणून इन्सुलिन सुटत नाही. तुमच्यात विरोध वारेचा आहे. बाळानंतर वार बाहेर पडली की काही तासांत तो ओसरतो, आणि बहुतेक जणींचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होतं. त्यांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा आणि मॅडमना सांगू द्या. इन्सुलिन आहे म्हणजे सिझेरियनच, असंही नसतं. बाळाची वाढ आणि साखर ताब्यात असेल तर नैसर्गिक बाळंतपणाची वाट बघता येते, फक्त तारीख फार पुढे जाऊ देत नाहीत.

बाळंतपणानंतर मात्र एक तपासणी हमखास राहून जाते, कारण घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. बाळाची दीड महिन्याची लस असते, त्याच आठवड्यात तुमची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. रात्रभर उपाशी राहून सकाळी जायचं आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास थांबायचं. मधल्या वेळात बाळाला अंगावर पाजता येतं, म्हणून आईला किंवा सासूबाईंना बरोबर न्या. साखर नॉर्मल आली तरी पुढे दर वर्ष-दोन वर्षांनी ती तपासत राहा, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा की मागच्या खेपेला इन्सुलिन लागलं होतं.